उपयोगिता पत्र लिहून पुढचा हप्ता मागताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोट्या संस्थेत जमाखर्च लिहिणारी, केंद्रांवर जाणारी आणि निधी देणाऱ्या संस्थेला पत्र लिहिणारी व्यक्ती बहुतेक वेळा एकच असते. मीही बरीच वर्षं हेच करते. पहिला हप्ता कसा खर्च झाला ते सांगून दुसरा मागायचा, एवढंच काम. पण पत्र अडकलं की मानधन अडकतं, म्हणून त्यात हयगय करून चालत नाही. नव्याने हे काम अंगावर आलेले सहकारी जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

सगळ्या उत्तरांसाठी एकच काल्पनिक उदाहरण घेते, म्हणजे आकडे डोक्यात राहतील. एक संस्था मुलांसाठी पाच वाचन केंद्रं चालवणार आहे. वर्षाला १२,००,००० मंजूर झाले आहेत आणि ते ५,००,०००, ४,००,००० आणि ३,००,००० अशा तीन हप्त्यांत मिळणार आहेत. पहिला हप्ता पाच महिन्यांसाठी आहे. त्यातले ७५ टक्के खर्च झाल्यावर दुसरा हप्ता मागता येईल, असं करारात लिहिलं आहे. आता चौथा महिना संपला आहे आणि पत्र लिहायचं आहे.

उपयोगिता पत्र आणि उपयोगिता प्रमाणपत्र एकच ना?

नाही. प्रमाणपत्र म्हणजे एवढी रक्कम मिळाली, एवढी मंजूर कामासाठीच खर्च झाली आणि एवढी शिल्लक आहे, हे सांगणारा ठरावीक नमुन्यातला कागद. करारात तसं असेल तर त्यावर लेखापरीक्षकाची सही लागते. पत्र संस्थेचं असतं. प्रमाणपत्र आकडे सांगतं, पत्र त्या आकड्यांची कारणं सांगतं आणि मागणी करतं. प्रशिक्षणावर एक पैसाही खर्च झाला नाही हे प्रमाणपत्रात नुसतं शून्य म्हणून दिसेल. ते शून्य का आहे आणि कधी भरून निघेल, हे पत्रातच येतं.

दोन्ही कागद एकाच तारखेपर्यंतचे हवेत. प्रमाणपत्र महिनाअखेरपर्यंतचं आणि पत्रातले आकडे पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंतचे, असं झालं की दोन वेगळ्या शिल्लका दिसतात आणि पत्र परत येतं. आधी हिशोबाची शेवटची तारीख ठरवा, मग लिहायला बसा.

आमच्या खात्यात अजून पैसे आहेत. मग पुढचा हप्ता आत्ताच कसा मागायचा?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाला पडतो. पैसे असताना मागणं बरं दिसत नाही म्हणून लोक थांबतात, आणि खातं रिकामं झाल्यावर पत्र पाठवतात. पत्र गेलं, तपासलं गेलं, शंका आल्या, उत्तरं गेली, मंजुरी झाली आणि मग पैसे आले, यात सहज महिना-दीड महिना जातो. तेवढा काळ केंद्रांवरच्या शिक्षिका मानधनाशिवाय काम करतात.

आपल्या उदाहरणात चौथ्या महिन्याअखेर वापरता येण्याजोगी रक्कम १,०८,००० आहे. ऐकायला बरी वाटते. पण पाचव्या महिन्याचा खर्च मांडून बघा: पाच केंद्रांचं मानधन ५०,०००, प्रवास ६,०००, कार्यालयाचा खर्च ११,००० आणि याच महिन्यात व्हायच्या प्रशिक्षणाचे उरलेले ३५,०००. बेरीज १,०२,०००. म्हणजे पाचवा महिना संपताना हातात फक्त ६,००० असतील आणि सहाव्या महिन्याला ६७,००० लागतील.

हीच चार वाक्यं पत्रात घाला. ‘निधीची नितांत आवश्यकता आहे’ या वाक्यावरून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘सध्याची शिल्लक पाचव्या महिन्याअखेर ६,००० वर येईल’ यावरून त्याला कळतं की पैसे कोणत्या तारखेच्या आत पोचले पाहिजेत. ती तारीख पुढे वरिष्ठांकडे मंजुरी मागताना त्याच्याही कामाला येते.

‘खर्च झाला’ असं नेमकं केव्हा म्हणायचं?

उपयोगिता पत्रातल्या चुका सगळ्यात जास्त इथे होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पैसे दिले आणि वस्तू किंवा सेवा मिळाली, तर तो खर्च. त्यात शंका नाही. पुस्तकांच्या विक्रेत्याला १२,००० चा धनादेश दिला, पुस्तकं केंद्रांवर पोचली, पण त्याने धनादेश अजून बँकेत भरलेला नाही, तरी तो खर्चच. आपल्या वहीत तो लिहिलेला असतो, बँकेच्या पासबुकात मात्र दिसत नाही.

आगाऊ रक्कम म्हणजे खर्च नव्हे. प्रशिक्षणाच्या सभागृहासाठी १५,००० आगाऊ भरले, पण प्रशिक्षण पुढच्या महिन्यात आहे. हे पैसे खात्यातून गेले असले तरी आपलेच आहेत; फक्त सभागृहवाल्याकडे पडून आहेत. प्रशिक्षण झालं आणि बिल आलं की मग तो खर्च होईल. कर्मचाऱ्याने प्रवासासाठी उचललेली रक्कमही बिलं देऊन समायोजित होईपर्यंत अशीच.

नुसती ऑर्डर दिली असेल तर तोही खर्च नाही. ‘देणं पक्कं झालेली रक्कम’ म्हणून ती वेगळ्या ओळीत दाखवता येते, पण खर्चाच्या बेरजेत घ्यायची नाही.

राहिलं ते आलेलं पण अजून न भरलेलं बिल. हे तुमचा जमाखर्च कोणत्या पद्धतीने ठेवला आहे त्यावर ठरतं. रोख पद्धतीत पैसे दिल्यावर खर्च लिहितात, उपार्जित पद्धतीत देणं लागू झाल्यावर. पद्धत कोणतीही असो, पत्रात एका वाक्यात ती सांगा आणि तिन्ही हप्त्यांना तीच ठेवा. पहिल्या पत्रात एक आणि दुसऱ्यात दुसरी वापरली तर एखादं बिल दोनदा मोजलं जातं किंवा अजिबात मोजलं जात नाही.

आगाऊ रकमेची चूक मी स्वतः केली आहे. टक्केवारी अटीच्या जरा खाली होती, म्हणून एका शिबिराची आगाऊ रक्कम खर्चात धरली आणि पत्र पाठवलं. शिबिर रद्द झालं, पैसे परत आले. पुढच्या पत्रात त्या शीर्षाखालचा एकूण खर्च आधीच्या पत्रापेक्षा कमी दाखवावा लागला. तिकडून फोन आला, ‘ताई, मागच्या पत्रात खर्च झालेले पैसे या पत्रात परत कसे आले?’ माझ्याकडे उत्तर होतं, पण त्यानंतर त्यांनी आमचं प्रत्येक व्हाउचर मागून पाहिलं आणि तो हप्ता बराच लांबला. टक्केवारी कमी पडत असेल तर दोन आठवडे थांबा किंवा सरळ विचारा. आगाऊ रकमेला खर्च म्हणू नका.

पत्रातली शिल्लक आणि पासबुकातली शिल्लक वेगळी आली. काय चुकलं?

बहुतेक वेळा काहीच चुकलेलं नसतं, फक्त ताळमेळ लिहायचा राहिलेला असतो. आपल्या उदाहरणात चार महिन्यांत ३,८०,००० खर्च झाले. हप्त्याचे ५,००,००० आणि बँकेचं व्याज ३,०००, अशी एकूण जमा ५,०३,०००. म्हणजे पत्रातली शिल्लक १,२३,००० येते. पासबुक मात्र १,२०,००० दाखवतं.

पासबुकातल्या १,२०,००० मधून न वटलेला १२,००० चा धनादेश वजा केला की १,०८,००० राहतात. खरोखर वापरता येतील असे पैसे एवढेच. त्यात सभागृहाकडे असलेली १५,००० ची आगाऊ रक्कम मिळवली की १,२३,००० झाले. जुळलं.

हा ताळमेळ पत्राच्या मुख्य मजकुरातच, शिल्लक रकमेच्या लगेच खाली लिहा. मागच्या कुठल्या तरी जोडपत्रात टाकला तर वाचणाऱ्याला आधी दोन वेगळे आकडे दिसतात आणि खुलासा नंतर सापडतो. तोवर त्याने शंकेची खूण केलेली असते.

फरक असा कागदावर सुटत नसेल तर पत्र पाठवू नका. किरकोळ फरक ‘इतर खर्च’ या शीर्षात ढकलायचा मोह होतो. पण फरक पाचशेचा असला तरी तो पाच हजारांची चुकलेली नोंद आणि साडेचार हजारांची दुसरी चुकलेली नोंद मिळून झालेला असू शकतो.

आमचं एकच बँक खातं आहे आणि त्यात तीन ठिकाणचे पैसे आहेत. मग?

करारात स्वतंत्र खात्याची अट असेल तर प्रश्नच नाही, खातं उघडावं लागेल. अट नसेल तर वहीत प्रत्येक प्रकल्पाचं वेगळं खातं ठेवा आणि प्रत्येक नोंदीवर प्रकल्पाचं नाव लिहा. महिनाअखेरीस सगळ्या प्रकल्पांच्या शिलकांची बेरीज बँकेच्या ताळमेळाशी जुळली पाहिजे. एका प्रकल्पाची शिल्लक उणे दिसली तर त्याचा खर्च दुसऱ्याच्या पैशांतून भागवला आहे. ही उसनवारी पत्र लिहायच्या आधी मिटवायला हवी. ती राहू देऊन लिहिलेली शिल्लक खरी नसते.

अंदाजपत्रक आणि खर्च यांत फरक पडला आहे. तो कसा समजावायचा?

आधी आकडे समोर ठेवू. पहिला हप्ता पाच महिन्यांचा होता आणि खर्च चार महिन्यांचा आहे, हे वाचताना लक्षात असू द्या.

| शीर्ष | वर्षाची मंजुरी | पहिल्या हप्त्यात | झालेला खर्च | उरले |
|---|---|---|---|---|
| शिक्षिकांचं मानधन | ६,००,००० | २,५०,००० | १,८०,००० | ७०,००० |
| पुस्तकं व साहित्य | २,४०,००० | १,२०,००० | १,३२,००० | −१२,००० |
| प्रशिक्षण | १,२०,००० | ५०,००० | ० | ५०,००० |
| प्रवास | ९०,००० | ३०,००० | २४,००० | ६,००० |
| प्रशासन | १,५०,००० | ५०,००० | ४४,००० | ६,००० |
| एकूण | १२,००,००० | ५,००,००० | ३,८०,००० | १,२०,००० |

(उरलेले १,२०,००० आणि व्याजाचे ३,००० मिळून वरची १,२३,००० ची शिल्लक होते.)

या कोष्टकात तीन वेगळ्या जातीचे फरक आहेत आणि तिन्हींना एकच कारण चिकटवलं की पत्र फसतं.

प्रशिक्षणाचे ५०,००० उरले आहेत, पण ते वाचलेले नाहीत. पाचवं केंद्र सुरू होईपर्यंत प्रशिक्षण पुढे ढकललं, म्हणजे पाचही शिक्षिका एकत्र येतील. खर्च होणारच आहे, फक्त उशिरा. इथे पत्रात नवी तारीख आणि भरलेली आगाऊ रक्कम सांगायची.

मानधनाचं तसं नाही. उरलेल्या ७०,००० पैकी ५०,००० पाचव्या महिन्याचे आहेत, ते जातील. पण पाचवं केंद्र दोन महिने उशिरा सुरू झालं, त्यामुळे त्या शिक्षिकेचे दोन महिन्यांचे २०,००० कधीच खर्च होणार नाहीत. ही खरी बचत. ती लपून राहत नाही, कारण केंद्र उशिरा सुरू झालं हे तुमच्याच कामाच्या अहवालात लिहिलेलं असतं. म्हणून आपणहून सांगा आणि तिचं काय करायचं ते विचारा: शेवटच्या हप्त्यातून वळती करायची, परत करायची, की दुसऱ्या शीर्षाखाली वापरायला परवानगी मिळेल? परवानगी लेखी येईपर्यंत त्या पैशांना हात लावायचा नाही.

पुस्तकांवर हप्त्यातल्या तरतुदीपेक्षा १२,००० जास्त गेले. हे वाईट दिसतं, पण वर्षाची मंजुरी २,४०,००० आहे. केंद्र सुरू करतानाच पुस्तकं घ्यावी लागतात, म्हणून खर्च आधी झाला. दुसऱ्या फेरीत १,००,००० ची पुस्तकं घेतली की एकूण २,३२,००० होतील, म्हणजे मंजुरीच्या आतच. ‘हप्त्यापेक्षा जास्त’ आणि ‘मंजुरीपेक्षा जास्त’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला बहुधा खुलासा पुरतो. दुसरीला आधी परवानगी लागते, आणि किती टक्क्यांपर्यंत फरक चालतो ते करारात लिहिलेलं असतं. पत्र लिहिताना करार शेजारी उघडा ठेवा.

कमी खर्च झाला म्हणजे आम्ही काम केलं नाही असं वाटेल ना?

कारण नसेल तर वाटेल. म्हणून कारण घटनेच्या रूपात लिहा. ‘काही अपरिहार्य कारणांमुळे विलंब झाला’ यातून वाचणाऱ्याला काही हाती लागत नाही. ‘पाचव्या केंद्राची ठरलेली खोली ऐनवेळी मिळाली नाही, नवी खोली मिळून तिसऱ्या महिन्यात केंद्र सुरू झालं’ यात काय झालं, कधी झालं आणि आता काय स्थिती आहे, तिन्ही आलं. यापेक्षा लांब खुलासा नको. दोन परिच्छेदांचं स्पष्टीकरण वाचताना माणूस आणखी शंका काढतो.

महिना संपता संपता घाईने खरेदी करून टक्केवारी गाठणं मात्र टाळा. एकाच आठवड्यातली पाच मोठी बिलं तारखांवरूनच ओळखू येतात.

कार्यालयाचं भाडं आणि वीजबिल दोन प्रकल्पांत विभागलेलं आहे. ते कसं दाखवायचं?

वाटणीचा आधार आधी ठरवा आणि लिहून ठेवा. किती लोक कोणत्या प्रकल्पासाठी काम करतात, किंवा समन्वयकाचे महिन्यातले किती दिवस कुठे जातात, यातला कोणताही आधार चालतो. तो दर महिन्याला सोयीने बदलता येत नाही.

मूळ बिलावर शिक्का असावा. आमचा शिक्का चार ओळींचा आहे: प्रकल्प, शीर्ष, आकारलेली रक्कम, व्हाउचर क्रमांक. एका वीजबिलावर दोन शिक्के उमटतात, एकावर ४० टक्क्यांची रक्कम आणि दुसऱ्यावर ६०. दोन्हींची बेरीज बिलाएवढी आली पाहिजे. शिक्का मूळ बिलावरच मारायचा, झेरॉक्सवर नाही. कोऱ्या मूळ बिलाची प्रत दोन ठिकाणी पूर्ण रकमेसाठी जाऊ शकते, आणि अनवधानाने जाते सुद्धा. एकच खर्च दोघांकडून घेणं ही या कामातली सगळ्यात गंभीर चूक आहे. नंतर कितीही खुलासा केला तरी ती पुसली जात नाही.

बँकेने दिलेलं व्याज आपलं की त्यांचं?

करारात लिहिलं असेल तसं. काही संस्था ते परत मागतात, काही पुढच्या हप्त्यातून वळतं करतात, काही त्याच कामावर वापरू देतात. करारात काहीच नसेल तरी ते जमेत वेगळ्या ओळीत दाखवायचंच. व्याज दाखवलं नाही तर बँकेशी ताळमेळ तसाही बसत नाही.

एक-दोन पावत्या नाहीतच. काय करू?

किरकोळ प्रवासात असं होतं. रिक्षावाला पावती देत नाही. अशा वेळी कर्मचाऱ्याच्या सहीचं व्हाउचर करायचं: कुठून कुठे, कोणत्या कामासाठी, कोणत्या तारखेला, किती. त्या दिवशी तो खरंच त्या केंद्रावर होता हे केंद्राच्या भेट नोंदवहीवरून पडताळता आलं पाहिजे. मोठ्या खरेदीची पावती हरवली असेल तर विक्रेत्याकडून दुय्यम प्रत मागवा. तीही मिळत नसेल तर तो खर्च या पत्रात धरू नका, संस्थेच्या स्वतःच्या निधीतून भागवा. नंतर तयार केलेली पावती कधीही लावू नका.

नेमकी किती रक्कम मागायची? करारातला पूर्ण हप्ता की शिल्लक वजा करून?

करारात हप्त्याची रक्कम ठरलेली असेल आणि शिल्लक वजा करायची अट नसेल तर पूर्ण हप्ता मागा, पण शिल्लक कशावर जाणार हे दाखवून. आपल्या उदाहरणात शिल्लक पाचव्या महिन्यातच संपते, हे आधी मांडलं आहे. दुसरे ४,००,००० सहाव्या ते नवव्या महिन्यासाठी आहेत: दरमहा ६७,००० प्रमाणे चार महिन्यांचे २,६८,०००, पुस्तकांच्या दुसऱ्या फेरीचे १,००,००० आणि दुसऱ्या प्रशिक्षणाचे ३२,०००. बेरीज बरोबर ४,००,०००.

दरमहा ६७,००० हा आकडा हवेतला नाही. पाच केंद्रं चालू असताना लागणारा तो प्रत्यक्ष खर्च आहे. मागच्या चार महिन्यांची सरासरी घेतली असती तर ती चुकली असती, कारण दोन महिने चारच केंद्रं चालू होती आणि पुस्तकांची मोठी खरेदी त्यात होती. पुढचा अंदाज मागच्या सरासरीवरून नाही, पुढच्या कामावरून काढा.

कामाबद्दल किती लिहायचं?

थोडं. कामाचा अहवाल वेगळा जातो. पत्रात फक्त ज्यावर पैसे गेले त्या गोष्टी मोजून सांगा: किती केंद्रं चालू आहेत, कधीपासून, किती मुलं नियमित येतात, पुस्तकं किती घेतली. अहवालातला आकडा आणि पत्रातला आकडा एकच असू द्या.

एखादं पत्र पूर्ण दाखवाल का?

दाखवते. वरच्या उदाहरणाचंच आहे. भाषा औपचारिक ठेवली आहे, पण वाक्यं छोटी आहेत.

> विषय: पहिल्या हप्त्याच्या विनियोगाचा तपशील व दुसऱ्या हप्त्याची मागणी
>
> संदर्भ: करार क्रमांक व दिनांक
>
> महोदय,
>
> वाचन केंद्र प्रकल्पासाठी आपल्याकडून पहिल्या हप्त्याचे ५,००,००० प्राप्त झाले. प्रकल्पाच्या चौथ्या महिन्याअखेर त्यातील ३,८०,००० म्हणजे ७६ टक्के रक्कम खर्च झाली आहे. खर्च रोख पद्धतीने नोंदवला असून आगाऊ दिलेली रक्कम त्यात धरलेली नाही. शीर्षवार तक्ता सोबत जोडला आहे.
>
> बँकेचे व्याज ३,००० धरून शिल्लक १,२३,००० आहे. पासबुकातील शिल्लक १,२०,००० असून त्यातून न वटलेला धनादेश १२,००० वजा करून व सभागृहासाठीची आगाऊ रक्कम १५,००० मिळवून ही शिल्लक जुळते.
>
> पाच केंद्रे सुरू आहेत. पाचव्या केंद्राची ठरलेली खोली न मिळाल्याने ते तिसऱ्या महिन्यात सुरू झाले. त्यामुळे मानधनात २०,००० ची बचत झाली आहे. ही रक्कम शेवटच्या हप्त्यातून वळती करावी की अन्य शीर्षाखाली वापरावी, याबाबत आपण कळवावे. तोपर्यंत ती खर्च केली जाणार नाही. पाचही शिक्षिकांचे एकत्र प्रशिक्षण पाचव्या महिन्यात ठरले असून सभागृहाची आगाऊ रक्कम भरली आहे. पुस्तकांची खरेदी केंद्रे सुरू करतानाच करावी लागल्याने या हप्त्यातील तरतुदीपेक्षा १२,००० अधिक खर्च झाले. वर्षअखेरचा एकूण खर्च मंजूर रकमेच्या आत राहील.
>
> पाचव्या महिन्याचा नियोजित खर्च १,०२,००० आहे. त्यानंतर हातात ६,००० राहतील. सहाव्या महिन्याचे मानधन वेळेवर देता यावे यासाठी दुसरा हप्ता ४,००,००० पाचव्या महिन्याअखेरपर्यंत मिळावा, ही विनंती. सहाव्या ते नवव्या महिन्याचा नियोजित खर्च सोबत जोडला आहे.
>
> आपला/आपली,
> (सही, नाव, पद)
>
> सोबत: शीर्षवार तक्ता, बँक ताळमेळ व पासबुकाची प्रत, लेखापरीक्षकाचे प्रमाणपत्र, पुढील चार महिन्यांचे नियोजन

एक बाब नीट पाहा. या पत्रात २०,००० ची बचत सांगितली आहे, पण ती पाचव्या महिन्याच्या अंदाजात शिल्लक म्हणून वेगळी दिसत नाही. कारण पुस्तकांवरचे जास्तीचे १२,००० आणि प्रशासनाचे पाचव्या महिन्यात जास्त लागणारे ५,००० हे सगळं त्याच रोकडीतून जातंय. २०,००० अधिक व्याजाचे ३,०००, त्यातून १७,००० वजा, म्हणजे ६,०००. बारकाईने वाचणारा हा प्रश्न विचारतोच. ‘बचत वापरणार नाही म्हणता, मग ती कुठे आहे?’ त्याला सांगायचं की बचत मानधनाच्या वर्षाच्या मंजुरीतली आहे, रोकड मात्र पुस्तकं आधी घेतल्यामुळे कमी दिसते, आणि नंतरच्या हप्त्यांत पुस्तकांवर तेवढा कमी खर्च होऊन ती भरून निघेल. फोन येण्याआधी हे उत्तर स्वतःसाठी कागदावर मांडून ठेवा.

पत्र गेल्यावर चूक सापडली तर?

त्याच दिवशी कळवा. सुधारित तक्ता पाठवा, वर ‘सुधारित’ आणि तारीख लिहा, आणि नेमका कोणता आकडा किती होता व किती झाला ते एका ओळीत सांगा. गुपचूप नवा तक्ता पाठवला तर त्यांच्याकडे दोन तक्ते फिरतात आणि जुनाच मंजुरीला जाऊ शकतो.

पत्र पोचलं, पण काहीच उत्तर नाही. कधी विचारायचं?

आठवडाभराने पोच विचारा आणि काही कागद कमी आहे का तेवढंच विचारा. उशीर होण्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं: एखाद्या पानावर सही राहिलेली, पासबुकाच्या प्रतीत शेवटचं पान नसलेलं. दोन आठवड्यांनी पुन्हा फोन करा. पाचव्या महिन्याची वीस तारीख उलटून गेली आणि पैसे येणार नाहीत असं दिसलं, तर शिक्षिकांना त्याच आठवड्यात सांगा की मानधन किती दिवस पुढे जाऊ शकतं. त्यांना घरचं नियोजन करायचं असतं, आणि एक तारखेला कळण्यापेक्षा दहा दिवस आधी कळलेलं त्यांना कितीतरी बरं पडतं.